जॉब कॉस्टिंगमध्ये भंगार, वेस्ट आणि रिजेक्शन कुणाच्या खात्यात टाकायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्कशॉपवाले, त्यांचे अकाउंटंट आणि सीएमएचा अभ्यास करणारी मुलं यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एका जागी उत्तरं लिहून ठेवली. सगळीकडे एकच उदाहरण धरलंय म्हणजे दरवेळी नवे आकडे डोक्यात बसवायला नकोत. भोसरीसारख्या एमआयडीसीतलं एक छोटं मशीन शॉप, जॉब नंबर 412, एसएस 304 च्या 200 स्लीव्हज, भिंत फक्त दीड मिलिमीटर जाड आणि बोअरचा टॉलरन्स एकदम टाइट. शॉप आणि जॉब दोन्ही काल्पनिक आहेत, दर हिशोब सोपा व्हावा म्हणून धरलेत, तुमचे दर तुम्ही घाला.

1. वेस्ट, स्क्रॅप, रिजेक्ट, डिफेक्टिव्ह हे सगळं भंगारच ना? वेगळं का मोजायचं?

भंगारवाल्याच्या काट्यावर सगळं भंगार असेल पण खर्चाच्या हिशोबात चौघांचं वागणं वेगळं आहे. एका स्लीव्हचाच हिशोब बघा. बारमधून 1.5 किलोचा तुकडा कापला. त्यातून 1 किलो टर्निंग निघालं, ते विकलं जातं, ते स्क्रॅप. तयार पीस 400 ग्रॅमचा. उरलेले 100 ग्रॅम कुठे गेले? करवतीच्या कापात बारीक चुरा होऊन, कूलंटबरोबर वाहून, झाडूबरोबर कचऱ्यात. त्याचे कुणी पैसे देत नाही, ते वेस्ट.

आता पीस तयार झाला पण बोअर मोठा झाला, म्हणजे मटेरियल निघून गेलं, परत लावता येत नाही. हा पीस गेला, तो वाया गेलेला किंवा रिजेक्ट, फारतर वजनावर विकायचा. आणि बोअर थोडा लहान राहिला असेल तर होनिंग मारून साइझमध्ये आणता येतो, तो डिफेक्टिव्ह, त्याच्यावर रीवर्कचा खर्च करून तो चांगला पीस होतो. थोडक्यात रिजेक्टमध्ये आधी घातलेला पैसा अडकतो आणि डिफेक्टिव्हमध्ये नवीन पैसा घालावा लागतो.

2. मग हा खर्च कुणाच्या माथी मारायचा, नियम एका वाक्यात सांगा ना

नुकसान या ऑर्डरच्या मागणीमुळेच झालं असेल तर त्या जॉबवर, कुठल्याही जॉबवर होऊ शकलं असतं आणि नेहमीच थोडंफार होतं असं असेल तर फॅक्टरी ओव्हरहेडमध्ये म्हणजे सगळ्या जॉब्सवर वाटून, आणि जे व्हायलाच नको होतं ते कुठल्याच जॉबवर नाही, थेट कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात. वाक्य लांब झालं पण खाली जे काही आहे ते याचाच विस्तार आहे. तिन्ही ठिकाणी आधी भंगाराचे मिळणारे पैसे वजा करायचे आणि उरलेला निव्वळ तोटाच पुढे न्यायचा.

3. एखादं रिजेक्शन ऑर्डरमुळे झालं की शॉपमुळे, हे ठरवायचं कसं? सुपरवायझर म्हणतो तेच लिहायचं का?

नुसतं त्याच्या म्हणण्यावर नको. पीस रिजेक्ट झाला त्याच दिवशी रिजेक्शन स्लिप भरली गेली पाहिजे आणि तिच्यात कारण लिहिलेलं पाहिजे, महिना अखेरीला आठवून लिहिलेल्या कारणाला काही किंमत नाही.

412 चं घ्या. दीड मिलिमीटरची भिंत थ्री-जॉ चकमध्ये धरली की दाबली जाते. चकमध्ये असताना बोअर गोल कापला जातो, पण जॉ सोडले की भिंत परत उसळते आणि बोअर किंचित तीन कोपऱ्यांचा होतो. गंमत म्हणजे दोन टोकांवर मोजणारा डायल बोअर गेज कुठेही फिरवा, रीडिंग जवळपास बरोबरच दाखवतो, पण गो प्लग गेज घालायला गेलं की अडकतो. ही तक्रार त्या शॉपच्या जाड भिंतीच्या बुशांवर कधीच येत नाही. म्हणजे कारण ड्रॉइंगमध्ये आहे, भिंत आणि टॉलरन्स ग्राहकाने मागितलाय, हे जॉबचं.

त्याच आठवड्यात लाइट गेली आणि टूल पिसात रुतून दोन पीस गेले. लाइट कुठल्याही जॉबवर गेली असती, हे शॉपचं. आणि ऑपरेटरने दुसऱ्याच पार्टचा प्रोग्राम लोड करून पाच पीस उडवले तर ते ना ऑर्डरमुळे ना नेहमीच्या कामामुळे, ते प्रश्न 7 मध्ये येतं.

मी स्वतः एक साधी चाचणी वापरायला सांगते: सहा महिन्यांच्या स्लिपा कारणाप्रमाणे लावा. एकच कारण चार-पाच वेगवेगळ्या ग्राहकांच्या जॉबवर दिसतंय का? दिसत असेल तर ते कॉमन. एकाच ड्रॉइंगखाली गोळा झालंय का? मग ते त्या जॉबचं. यात वाद फार उरत नाही.

4. जॉबमुळेच रिजेक्शन झालं तर प्रत्यक्ष हिशोब कसा दिसतो?

एका पिसाचं मटेरियल 1.5 किलो, 260 रुपये किलोने 390. टर्निंग 1 किलो, ते 90 रुपयांना जातं, म्हणून निव्वळ मटेरियल 300. मजुरी 100. अर्धा तास मशीन, तासाला 200 ओव्हरहेड, म्हणून 100. एकूण 500 रुपये पीस.

200 चांगले पीस द्यायचेत म्हणून 210 लावले, 10 गेले. 210 गुणिले 500 म्हणजे 1,05,000. गेलेले 10 पीस 400 ग्रॅमचे, 100 रुपये किलोने 40 रुपये प्रत्येकी, म्हणजे 400 रुपये परत. जॉबवर राहिले 1,04,600. ते 200 ने भागा, 523 रुपये.

नोंद एवढीच: भंगार स्टॉक खातं नावे 400, जॉब 412 जमा 400. वाया गेलेल्या पिसांचा खर्च जॉबवर आधीच पडलेला असतो, तो हलवायचा नाही, फक्त भंगाराचे पैसे काढून घ्यायचे. बरेच जण इथे 10 पिसांचे 5,000 परत एकदा जॉबला नावे टाकतात, मग तो खर्च दोनदा लागतो.

5. आणि तेच रिजेक्शन नेहमीच्या कामातलं असेल तर?

तर ते जॉबवरून उचलायचं. पण मग ओव्हरहेडच्या दरात त्याची तरतूद आधीच धरलेली असायला हवी, नाहीतर पैसे कुणाकडूनच वसूल होणार नाहीत.

समजा शॉपचा वर्षाचा बजेट ओव्हरहेड 12,00,000 आणि मशीन तास 6,000, म्हणजे तासाला 200. मागच्या अनुभवावरून नेहमीच्या रिजेक्शनचा निव्वळ तोटा वर्षाला 90,000 धरला. आता 12,90,000 भागिले 6,000, तासाला 215. अर्ध्या तासाचे 107.50, म्हणून पीस 507.50 ला पडतो.

आता 10 पीस गेले तर त्यांचे 5,075 रुपये जॉबमधून काढायचे, 400 भंगार स्टॉकला आणि 4,675 फॅक्टरी ओव्हरहेड कंट्रोल खात्याला नावे. जॉबवर 200 पिसांचे 1,01,500 राहतात, पीस 507.50.

आता 523 आणि 507.50 शेजारी ठेवा. जे रिजेक्शन खरं पातळ भिंतीमुळे आहे ते कॉमन म्हणून टाकलं तर पिसामागे 15.50, अख्ख्या ऑर्डरला 3,100 रुपये कमी दिसतात, आणि ते बाकीच्या ग्राहकांच्या साध्या बुशांच्या दरात जाऊन बसतात. साधी बुश महाग दिसते, तिची ऑर्डर शेजारचा शॉप घेऊन जातो आणि तुमच्याकडे अवघड स्लीव्ह स्वस्तात राहते. वर्षभर काम भरपूर आणि हातात काही उरत नाही म्हणणाऱ्या शॉपमध्ये हे मी पुन्हा पुन्हा बघितलंय.

6. आमच्या ओव्हरहेड दरात रिजेक्शन धरलेलं आहे, वर जॉबचं रिजेक्शन पण त्या जॉबवर टाकलं. बरोबर आहे का?

अर्धवट. इथे बारकाईने बघावं लागतं. 412 वर 215 चा दर लावला आणि वरून 10 पिसांचा तोटाही ठेवला तर 210 गुणिले 507.50 म्हणजे 1,06,575, वजा 400, म्हणजे 1,06,175. प्रश्न 4 पेक्षा 1,575 जास्त. हे 1,575 कशाचे? दुसऱ्यांच्या रिजेक्शनच्या तरतुदीचे.

पुस्तकी उत्तर असं की ज्या जॉबवर रिजेक्शन थेट टाकताय त्याला तरतूद वगळून केलेला दर लावा, म्हणजे 200 चा. परीक्षेत हेच लिहा. शॉपमध्ये मात्र मी विचारते की त्या 90,000 मध्ये नक्की काय काय आहे. त्यात लाइट जाणं, टूल तुटणं एवढंच असेल तर ते 412 वर पण होतं, त्याने त्याचा वाटा द्यायला हरकत नाही, 215 ठेवा. पण मागच्या वर्षीच्या पातळ स्लीव्हजचं रिजेक्शनही त्या 90,000 मध्ये मिसळलेलं असेल तर ते आधी बाहेर काढा आणि दर नव्याने करा, कारण तीच गोष्ट जॉबवर एकदा आणि दरात एकदा अशी दोनदा लागतेय. हे काम बजेट करताना वर्षातून एकदाच करावं लागतं पण ते स्लिपांशिवाय होत नाही, प्रश्न 3 बघा.

7. ठरलेल्यापेक्षा जास्त पीस गेले तर? ऑर्डर अवघड होती म्हणून सगळंच जॉबवर टाकू का?

नाही. जॉब अवघड असण्याचीही एक मर्यादा असते आणि ती ऑर्डर घेतानाच लिहिलेली पाहिजे. 412 ला 200 चांगल्या पिसांमागे 10 धरलेत. समजा प्रत्यक्षात 25 गेले, 225 बनवावे लागले. त्यातले 10 नॉर्मल, 15 चुकीच्या प्रोग्राममुळे, अ‍ॅबनॉर्मल.

225 गुणिले 500 म्हणजे 1,12,500. भंगाराचे 25 गुणिले 40 म्हणजे 1,000 वजा. अ‍ॅबनॉर्मल 15 पिसांचा निव्वळ तोटा 460 प्रमाणे 6,900, तो कॉस्टिंग नफा-तोटा खात्यात. राहिले 1,04,600, परत तेच 523. हे असंच यायला हवं, कारण चूक झाल्याने स्लीव्ह बनवायचा खरा खर्च बदलत नाही. अ‍ॅबनॉर्मल काढल्यावर तुमचा आकडा नॉर्मलच्या आकड्याशी जुळला नाही तर कुठेतरी गडबड आहे.

इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्सचं मटेरियल कॉस्टवरचं स्टँडर्ड, सीएएस 6, हेच सांगतं: अ‍ॅबनॉर्मल स्क्रॅप आणि डिफेक्टिव्हचा मटेरियल खर्च, मिळणारी किंमत वजा करून, तोटा म्हणून दाखवायचा, कॉस्टमध्ये नाही. आणि एएस 2 प्रमाणे साठ्याच्या किंमतीतही असा वाया गेलेला खर्च धरता येत नाही. मार्च अखेरीला जॉब अर्धवट असेल तर हा मुद्दा ऑडिटर नक्की काढतो.

8. नॉर्मल रिजेक्शनचे 5 टक्के हे चांगल्या पिसांवर काढायचे की लावलेल्या पिसांवर?

दोन्ही चालतं, पण एकदा ठरवा आणि कोटेशनमध्ये, जॉब कार्डवर, सगळीकडे तेच ठेवा. चांगल्या 200 वर 5 टक्के म्हणजे 10, म्हणजे 210 लावायचे. लावलेल्यावर 5 टक्के म्हटलं तर 200 भागिले 0.95, म्हणजे 210.5, 211 लावावे लागतील. छोट्या लॉटमध्ये एका पिसाचा फरक, मोठ्या लॉटमध्ये वाढत जातो. मी चांगल्या पिसांवर काढते, कारण लावलेल्या पिसांच्या आकड्यात अ‍ॅबनॉर्मलही मिसळलेलं असतं, आणि मग जेवढी जास्त चूक तेवढं जास्त रिजेक्शन नॉर्मल म्हणून सुटतं.

9. रीवर्कचा खर्च कुठे?

त्याच तीन जागा. 412 मध्ये 200 चांगल्या पिसांपैकी 15 जणांचा बोअर तीन कोपऱ्यांचा होऊन गो गेज अडकला, पण साइझ वर गेलेली नव्हती, म्हणून होनिंग केलं. पिसाला 60 रुपये, त्यात माणूस, स्टोन आणि होनिंग मशीनचा तास सगळं आलं. 900 रुपये. कारण ड्रॉइंगचं, म्हणून जॉब 412 वरच. 1,04,600 अधिक 900 म्हणजे 1,05,500, पीस 527.50. कारण कॉमन असतं तर 900 ओव्हरहेडला गेले असते आणि ऑपरेटरची ढोबळ चूक असती तर नफा-तोट्याला.

मशीनचा तास घ्यायचा विसरू नका. रीवर्क म्हणजे नुसती मजुरी असं धरलं जातं आणि मशीन मात्र त्या वेळात दुसरं काही करत नसतं.

10. पण रीवर्क करावं की भंगारात द्यावं, ते कसं ठरवू? पिसात आधीच 500 घातलेत

ते 500 विसरा, ते दोन्हीकडे गेलेलेच आहेत. पुढे किती पैसे जाणार तेवढंच बघा. भंगारात दिला तर 40 मिळतात, पण त्याजागी नवा पीस करायला मटेरियल 300 आणि मजुरी 100 नव्याने घालावी लागते, म्हणजे निव्वळ 360. ओव्हरहेड बहुतेक तसाच राहतो म्हणून तो धरला नाही. त्यामुळे रीवर्कला नव्याने घालावे लागणारे पैसे 360 च्या आत असतील तर रीवर्क करा. 60 वाल्या होनिंगला विचारच नको. पण बाहेर हार्ड क्रोम करून परत ग्राइंडिंग मारायचं आणि 400 लागणार असतील तर नवा पीस स्वस्त. मशीन फुल असेल किंवा डिलिव्हरी परवा असेल तर हिशोब बदलतो, तेव्हा कशात मशीनचे तास कमी जातात ते बघा.

11. टर्निंगचे पैसे जॉबला जमा करायचे की ओव्हरहेडला?

जॉबला ओळखता येत असेल आणि रक्कम लक्षात येण्यासारखी असेल तर जॉबला. 412 मध्ये पिसामागे 90 रुपये आहेत, 210 पिसांचे 18,900, ते सोडून कसं चालेल. पण माइल्ड स्टीलच्या दहा-बारा छोट्या जॉब्सचं टर्निंग एकाच ड्रममध्ये पडतं आणि महिन्याला एकदा टेम्पो येतो, तिथे जॉबवार वजन करत बसणं खर्चिक आहे, ते ओव्हरहेडला जमा करा, दर तेवढा खाली येतो.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते, एसएस, एमएस आणि पितळेचे ड्रम वेगळे ठेवा. मिसळलेल्या मालाला भंगारवाला सगळ्यात स्वस्त धातूचा भाव देतो, आणि मग 90 रुपयांचं क्रेडिट कागदावर राहतं आणि प्रत्यक्षात मिळत नाही. म्हणून जॉबला जमा केलेला अंदाजी भाव आणि शेवटी मिळालेला भाव दर तिमाहीला ताडून बघा. सतत कमी मिळत असेल तर एक तर ड्रम मिसळतायत किंवा वजन गळतंय. लावलेलं वजन वजा तयार माल वजा टर्निंग, बाकी 100 ग्रॅमच्या आसपास राहायला पाहिजे, 250 ग्रॅम यायला लागली तर काट्यापाशी जाऊन उभं राहा.

12. वेस्टची नोंद कुठे करायची?

रुपयांत कुठेच नाही. 100 ग्रॅमची किंमत 1.5 किलोच्या 390 मध्ये आलेलीच आहे, चांगल्या पिसाने ती भरली. नोंद फक्त वजनात ठेवा, कशासाठी ते प्रश्न 11 मध्ये आलंय. कूलंटचा गाळ विल्हेवाटीला द्यायला पैसे लागत असतील तर तो खर्च ओव्हरहेडमध्ये.

13. सेटिंगचे पीस कुणाचे?

त्या जॉबचे. प्रत्येक ऑर्डरला सेटिंग त्या ड्रॉइंगसाठीच होतं. ते रिजेक्शनच्या टक्क्यात मिसळू नका, कारण सेटिंगला दोन-तीन पीस लागतात ते लॉट 20 चा असो की 2,000 चा. टक्क्यात मिसळलं की छोट्या लॉटचं कोटेशन कमी येतं. सेटिंग खर्चाची वेगळी ओळ ठेवा. तीच ऑर्डर पुन्हा आली तर पहिल्या लॉटचं रिजेक्शन जसंच्या तसं उचलू नका, पहिल्या वेळी सॉफ्ट जॉ बनवताना, फीड ठरवताना गेलेले पीस दुसऱ्यांदा जात नाहीत.

14. ग्राहकाने मध्येच ड्रॉइंग बदललं, 30 पीस फुकट गेले. हे अ‍ॅबनॉर्मल ना?

शॉपच्या दृष्टीने अनपेक्षित आहे पण तुमच्या कामातली चूक नाही, आणि कारण शंभर टक्के ही ऑर्डर आहे. म्हणून जॉबवरच, पण वेगळ्या ओळीत, "ड्रॉइंग बदल" असं लिहून. ती ओळ बिलाला लावता येते. ग्राहकाने पैसे दिले तर तिथेच जमा, नाही दिले तर त्या ग्राहकाच्या कामात किती उरतं हे खरं दिसतं. हे नफा-तोट्यात फेकलं तर पुढच्या वेळी दर ठरवताना कुणाच्याच लक्षात राहणार नाही. बदलाचा मेल आणि त्या दिवसापर्यंत किती पीस झाले होते त्याची जॉब कार्डवरची नोंद एकत्र ठेवा, पैसे मागताना दोन्ही लागतात.

15. मटेरियल ग्राहकाचं, आम्ही फक्त लेबर जॉब करतो. मग पीस गेला तर आमचं काय जातं?

मजुरी आणि ओव्हरहेड, आपल्या उदाहरणात 200 रुपये. 300 चं मटेरियल तुमच्या पुस्तकात नाही म्हणून ते जॉबच्या खर्चात येत नाही. पण ऑर्डरमध्ये सहसा लिहिलेलं असतं की इतके टक्के रिजेक्शन मान्य, त्यावर गेलं तर मटेरियलची डेबिट नोट. ती आली की तो तुमचा खर्च झाला, आणि त्याला परत प्रश्न 2 लावायचा: ड्रॉइंगमुळे असेल तर जॉबवर, शॉपच्या चुकीने असेल तर नफा-तोट्यात. डेबिट नोटा "इतर खर्च" नावाच्या खात्यात जमत राहतात आणि जॉब फायद्यात दिसत राहतो, म्हणून ते खातं वर्षातून एकदा तरी उघडून बघा.

भंगार कुणाचं हेही ऑर्डरमध्ये वाचा. मूळ ते ग्राहकाचं. भंगार तुम्ही ठेवायचं आणि म्हणून मजुरीचा दर कमी, असं ठरलं असेल तर त्याची विक्री हा त्या जॉबच्याच मोबदल्याचा भाग आहे, जॉबला दाखवा, नाहीतर जॉब उगाच तोट्यात दिसेल. जीएसटीत सीजीएसटी कायद्याच्या कलम 143(5) प्रमाणे जॉब वर्करकडे निघालेलं वेस्ट आणि स्क्रॅप तो रजिस्टर्ड असेल तर स्वतःच्या जागेवरून कर भरून विकू शकतो, रजिस्टर्ड नसेल तर ते मटेरियल पाठवणाऱ्याने विकायचं.

16. कास्टिंग मशीन केल्यावर आत ब्लो होल निघाला. फाउंड्री कास्टिंग बदलून देते, मशीनिंगचं काय?

कास्टिंगची किंमत फाउंड्रीवर डेबिट, म्हणजे ती तुमची राहिली नाही. बदलून देताना फाउंड्री सहसा तेवढंच देते, तुम्ही घातलेली मजुरी आणि मशीनचे तास बुडतात. कास्टिंगच्या कामात थोडे ब्लो होल निघणारच, त्यामुळे सगळं कास्टिंग काम करणाऱ्या शॉपमध्ये हे कॉमन, ओव्हरहेडला. पण शॉपमध्ये एकच ग्राहक कास्टिंग घेतो आणि बाकी सगळं बारचं काम असेल तर हे त्या जॉबचं, बाकीच्यांनी का भरावं. आणि एखाद्या हीटचे सगळेच पीस खराब निघाले तर ते अ‍ॅबनॉर्मल, तिथे फाउंड्रीशी मशीनिंगच्या पैशांबद्दलही बोला. खोल बोअर आधी मारून घ्या, दोष असेल तर पहिल्याच ऑपरेशनला दिसतो आणि पुढचे तास वाचतात.

17. कॉस्ट-प्लस ऑर्डर आहे, ग्राहक खर्च अधिक ठरलेला टक्का देतो. मग सगळं रिजेक्शन जॉबवर टाकलं तर काय बिघडतं?

अ‍ॅबनॉर्मल टाकता येत नाही, कारण तो कॉस्टच नाही, प्रश्न 7 बघा. ग्राहकाचा ऑडिटर रिजेक्शन स्लिपा मागतो आणि "प्रोग्राम चुकला" असं कारण असलेले 15 पीस बिलात सापडले की उरलेल्या बिलावरचाही विश्वास जातो. कॉमनच्या बाबतीत, दरात तरतूद आहे आणि तेच जॉबवरही टाकलंय असं झालं तर प्रश्न 6 वालं दुहेरी आकारणं होतं. ड्रॉइंगमुळे जाणारं रिजेक्शन मात्र पूर्ण घ्या, आणि करारातच लिहून घ्या की नॉर्मल किती टक्के आणि कशावर काढलेले.

18. माल गेला, बिल झालं, जॉब बंद केला आणि दोन महिन्यांनी 6 पीस परत आले. आता?

बंद जॉब परत उघडायची गरज नाही. नेहमी थोडे पीस परत येतातच असं असेल तर त्याचा अंदाज ओव्हरहेडच्या तरतुदीत धरा आणि हा खर्च तिथे टाका. एखाद्याच ग्राहकाचं ड्रॉइंग असं असेल की परतीचा माल ठरलेलाच आहे, तर त्याच्या जॉबवर बंद करण्याआधीच तेवढी तरतूद करून ठेवा. अचानक एकदाच झालं असेल तर नफा-तोटा. मात्र परत आलेल्या पिसांची स्लिप जुन्या जॉब नंबरनेच भरा, रुपये कुठेही जाऊ देत. पुढच्या वेळी त्याच ड्रॉइंगचं कोटेशन करताना 210 लावायचे की 216, ते त्या नंबरखालच्या स्लिपा काढूनच ठरवायचंय.